‘घरातल्यांना’ आणि हंगेरियन: शेपटीकडून वाचायचे शब्द

हंगेरीत वाइनचा ग्लास उचलला की एक शब्द म्हणावा लागतो, आणि परक्या माणसाची जीभ नेमकी तिथेच अडखळते. शब्द आहे ‘एगेश्शेगेद्रे’. कोणी शिंकलं तरी हाच शब्द. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मी अख्खा पाठ केला, जसा आपण फोन नंबर पाठ करतो तसा. बरेच दिवसांनी कळलं की तो पाठ करायचा नव्हताच, उकलायचा होता. ‘एगेस’ म्हणजे अख्खं, पूर्ण. त्याला ‘शेग’ लागलं की ‘पूर्णपण’, म्हणजे आरोग्य. पुढे ‘एद’ म्हणजे तुझं. शेवटी ‘रे’ म्हणजे वर. एगेस-शेग-एद-रे: अख्खे-पण-तुझ्या-वर. तुझ्या तब्येतीसाठी. मधले ‘स’ आणि ‘श’ बोलताना एकमेकांत मिसळून ‘श्श’ होतो, म्हणून कानाला तो सलग गोळा वाटतो.

हंगेरियन भाषेबद्दल जे कुतूहल असतं ते बहुतेक या गोळ्यांबद्दलच असतं. इंग्रजीत ज्याला चार-पाच शब्दांचं वाक्य लागतं ते इथे एका शब्दात कसं मावतं? इंग्रजी बोलणाऱ्याला हे जादूसारखं वाटतं, यात नवल नाही. मराठी माणसाला मात्र ते तितकं परकं वाटू नये, कारण आपण दिवसभर तेच करत असतो.

‘घरातल्यांना’ हा शब्द घ्या. घर. त्याचं सामान्यरूप घरा. त्यात ‘आत’चा ‘त’ मिसळला, घरात. मग ‘ला’ लागून घरातला. अनेकवचनात आणि पुन्हा सामान्यरूपात घरातल्यां. त्यावर ‘ना’. इंग्रजीत हे सांगायला ‘टू द पीपल इन द हाउस’ असे सहा शब्द लागतात. आपण त्याच्यावर ‘सुद्धा’ही चिकटवतो, ‘घरातल्यांनासुद्धा’, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

हंगेरियनमध्ये याच अर्थाचा शब्द आहे ‘हाझबेलिएकनेक’. (यातला झ ‘झाड’मधला. आणि मी जिथे ‘ऑ’ लिहीन तिथे ‘ऑफिस’मधल्या स्वराच्या जवळचा आखूड स्वर समजा.) हाझ म्हणजे घर, बेलि म्हणजे आतला, एक म्हणजे अनेक, नेक म्हणजे ना. घर-आतल्या-अनेकां-ना. तुकड्यांचा क्रमसुद्धा तोच. फक्त ‘सुद्धा’ ते आपल्यासारखं चिकटवत नाहीत, वेगळा शब्द म्हणून मागे ठेवतात. म्हणजे या एका बाबतीत लांब शब्द आपला होतो, त्यांचा नाही.

आता घर हाताशी आहेच तर ते जरा वाढवून बघू. आमच्या शिक्षिकेने पहिल्या आठवड्यात फळ्यावर ‘हाझ’ लिहिलं आणि तास संपेपर्यंत दुसरा शब्द लिहिलाच नाही, फक्त त्याची शेपटी लांबवत गेली.

हाझॉम: माझं घर. हाझ-ऑम. मालकी दाखवणारा ‘माझं’ त्यांच्याकडे घराच्या मागे येऊन चिकटतो. हाझॉद: तुझं घर. हाझुन्क: आमचं घर. ‘आमचं’ आणि ‘आपलं’ हा फरक त्यांच्याकडे नाही, दोन्हीला ‘उन्क’. आता घरं एकापेक्षा जास्त असतील तर? साध्या अनेकवचनाला ‘क’ लागतो, हाझॉक म्हणजे घरं. पण मालकीची घरं असली की हा ‘क’ बाजूला होतो आणि मध्ये एक छोटा ‘इ’ येऊन बसतो. हाझॉम माझं घर, हाझॉइम माझी घरं. हाझॉइन्क आमची घरं. एवढासा ‘इ’, पण तो ऐकायचा चुकला तर समोरच्याच्या मालमत्तेचा हिशेब चुकतो.

मग जागा सांगायची. हाझॉइन्कबॉन: आमच्या घरांमध्ये. हाझ-ऑइ-न्क-बॉन, घर-अनेक-आमची-मध्ये. मराठीत ‘आमच्या’ पुढे जातं आणि ‘घरांमध्ये’ मागे राहतं, त्यांच्याकडे सगळं घराच्या मागे रांगेत. ही रांग पक्की आहे. आधी नवा शब्द घडवणारे तुकडे (जसं ‘पण’, ‘आतला’), मग अनेकवचन आणि मालकी, आणि सर्वांत शेवटी विभक्ती. हंगेरियन व्याकरणात या तीन गटांना वेगवेगळी नावंच आहेत: पहिला केप्झो, दुसरा येल, तिसरा रॉग. केप्झो म्हणजे घडवणारा, येल म्हणजे खूण. रॉग आला की दार बंद, त्याच्यामागे सहसा काही लागत नाही.

म्हणून हंगेरियन शब्द वाचायची युक्ती अशी की शेपटीकडून सुरुवात करायची. शेवटी ‘बॉन’ दिसला, म्हणजे ‘मध्ये’. त्याआधी ‘न्क’, म्हणजे आमचं. त्याआधी ‘इ’, म्हणजे अनेक. उरलं ते घर. इंग्रजी बोलणारा ‘इन, अवर, हाउसेस’ असा जो क्रम लावतो तो हाच आहे, फक्त उलट्या दिशेने चालत. भाषांतर करताना माझा अंगठा अजूनही शब्दाच्या शेवटावर टेकतो आणि डावीकडे सरकत जातो. बोलणारे अर्थात असं काही करत नाहीत. त्यांना एक वेगळी मदत मिळते: हंगेरियनमध्ये जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अवयवावर पडतो. त्यामुळे कितीही लांब शब्द असो, नवा शब्द कुठे सुरू झाला ते कानाला लगेच कळतं.

‘मध्ये’बद्दल एक गंमत सांगायलाच हवी. आपण ‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’ दोन्हीकडे ‘घरात’च म्हणतो. हंगेरियन तसं म्हणू देत नाही. आत असणं ‘बॉन’, आत जाणं ‘बॉ’, आतून बाहेर येणं ‘बोल’. हाझबॉन, हाझबॉ, हाझबोल. असाच तीनचा संच वर असण्यासाठी, आणि तिसरा जवळ असण्यासाठी. झाले नऊ. नुसत्या जागेसाठी नऊ प्रत्यय. बाकीचे धरून विभक्ती साधारण 18 मोजतात, व्याकरणकार बदलला की आकडा थोडा इकडेतिकडे होतो. तरी आमच्यासारख्यांना दिलासा देणारी एक गोष्ट आहे: रोजच्या बोलण्यात हंगेरियन लोक ‘बॉन’मधला न सर्रास खातात आणि असणं काय, जाणं काय, दोन्हीला ‘बॉ’ म्हणून मोकळे होतात. लिहिताना मात्र तीच चूक केली तर लाल शाई.

इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं आहे. पण जे मराठीत अजिबात नाही ते आता येतं. हाझ म्हणजे घर, तर हाझबॉन. केर्त म्हणजे बाग, तर केर्तबॉन? नाही, केर्तबेन. जवळजवळ प्रत्येक प्रत्ययाची दोन रूपं असतात, काहींची तीन. आ, ओ, उ अशा तोंडाच्या मागच्या बाजूने येणाऱ्या स्वरांच्या शब्दांना बॉन, नॉक, रॉ. ए सारख्या पुढच्या स्वरांना बेन, नेक, रे. तोंडातला स्वर जिथून निघाला तिथेच शेपटीभर राहतो. याला स्वरमेळ म्हणू या. ‘एगेश्शेगेद्रे’मध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त ए का आहेत, ते आता लक्षात येईल. शब्द सुरूच ‘ए’ने झाला, मग शेपटीतल्या प्रत्येकाने ‘ए’चा सदरा घातला.

आणि आता पुन्हा ‘हाझबेलिएकनेक’कडे बघा. हाझ तर मागच्या स्वराचा शब्द, मग शेवटी ‘नॉक’ऐवजी ‘नेक’ कसा आला? कारण मधला ‘बेलि’ हट्टी आहे. तो कोणासाठी बदलत नाही, आणि मागचे प्रत्यय मुळाकडे न बघता आपल्या लगतच्या शेजाऱ्याकडे बघतात. बेलि पुढच्या स्वरांचा, म्हणून त्याच्यानंतरचे सगळे पुढच्या स्वरांचे.

‘बेलि’ हट्टी का? याचं उत्तर शोधायला जावं तर हंगेरियनचा सगळा कारखानाच उघडा पडतो. हे प्रत्यय मुळात प्रत्यय नव्हतेच. ते स्वतंत्र शब्द होते. ‘बॉन/बेन’ आणि ‘बेलि’ यांच्या मुळाशी ‘बेल’ हा शब्द आहे, आणि बेल म्हणजे आतडं. शरीराचा आतला भाग. ‘घराच्या पोटात’ म्हणता म्हणता ते ‘घरात’ झालं, असं समजा. आपणही ‘डोंगराच्या पोटात’ म्हणतोच की.

याचा लेखी पुरावा आहे, आणि तो चांगला जुना आहे. बॉलॉतोन सरोवराच्या काठी तिहॉन्य नावाचं गाव आहे. तिथल्या मठाला राजा पहिला ऑन्द्राश याने 1055 साली जमिनी दिल्या, त्याची सनद आज पॉनोनहॉल्मॉच्या मठात जपून ठेवली आहे. सनद लॅटिनमध्ये. पण जमिनीच्या हद्दी सांगायच्या म्हणजे स्थानिक खुणा आल्या, आणि त्या लिहिणाऱ्याने तशाच हंगेरियनमध्ये उतरवल्या. आपल्याकडच्या फारसी सनदांमध्ये ओढे नि वडाची झाडं देशी नावांनी येतात तसंच. त्यातला एक तुकडा हंगेरीत शाळकरी पोरांनाही माहीत असतो: ‘फेहेरवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’. म्हणजे फेहेरवारला जाणाऱ्या लष्करी रस्त्यावर, त्या रस्त्यापर्यंत. आजच्या भाषेत हाच तुकडा ‘फेहेरवाररॉ मेनो हॉदि ऊतरॉ’ असा होतो.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. 1055 मध्ये ‘वारु’ वेगळा आणि ‘रेआ’ वेगळा. ‘उतु’ वेगळा आणि ‘रेआ’ वेगळा. दोन्हीकडे रेआ तोच, कारण स्वतंत्र शब्द शेजाऱ्याचे स्वर बघून बदलत नाही. पुढे तो चिकटला, आखूड झाला, आणि एकदा चिकटल्यावर त्याला घरातल्या रीतीप्रमाणे वागावं लागलं: ‘वार’ला आणि ‘ऊत’ला ‘रॉ’, ‘केर्त’ला ‘रे’. तोच तो ‘रे’, जो ग्लास उचलताना शेवटी येतो. मराठीतले ‘वर’, ‘साठी’, ‘पासून’ आज याच वाटेवर कुठेतरी आहेत. लिहिताना जोडले गेलेत, पण स्वतःचा आकार सोडायला तयार नाहीत.

नामांची गोष्ट इतकी. पण ‘एका शब्दात अख्खं वाक्य’ असं जे म्हणतात ते खऱ्या अर्थाने क्रियापदात घडतं, कारण वाक्याला कर्ता लागतो. एक साधा, कोणीही फोनवर म्हणेल असा शब्द घेऊ: ‘मेग्लातोगॉतहॉतनालॉक’. रोमन लिपीत 18 अक्षरं. अर्थ: ‘मी तुला भेटायला येऊ शकेन (तुला चालत असेल तर)’. इंग्रजीत ‘आय कुड व्हिजिट यू’.

मधून सुरुवात करू. ‘लात’ म्हणजे बघणं. त्याला ‘ओगॉत’ लागला. हा प्रत्यय क्रिया पुन्हा पुन्हा, निवांत केल्याचं सांगतो. ओल्वॉश म्हणजे वाचणं, ओल्वॉशगॉत म्हणजे पुस्तक चाळणं, तशातला. तर लातोगॉत म्हणजे बघत राहणं, आणि त्यावरून भेट देणं. पुढे ‘हॉत’, म्हणजे शकणं. मग ‘ना’, जर-तरचा. त्यानेच विनंतीचा मऊपणा येतो, नाहीतर ‘मी येऊ शकतो’ एवढंच ठणठणीत राहिलं असतं. शेवटी ‘लॉक’. आणि अगदी पुढे ‘मेग’, जो क्रिया पुरी झाल्याचं सांगतो. आपण ‘भेटून येते’, ‘करून टाकते’ असं म्हणताना ‘येणे’ नि ‘टाकणे’ जे काम करतात, साधारण तेच.

यातला ‘लॉक’ फार कामाचा आहे. तो एकटा दोन माणसं सांगतो: करणारी ‘मी’, आणि जिला करायचं ती ‘तू’. इंग्रजीतले ‘आय’ आणि ‘यू’ दोन्ही यात बुडाले. सेरेतलेक हा शब्द तुम्ही कुठेतरी वाचला असेल, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. सेरेत म्हणजे प्रेम करणं, लेक हे ‘लॉक’चंच पुढच्या स्वराचं रूप. मराठीतही थोडं असं आहे. ‘केलंस’ म्हटलं की ‘स’ने तू आलास आणि ‘लं’ने केलेली गोष्ट आली. ‘तू’ आणि ‘ते’ न म्हणता भागतं.

पण ‘लॉक’ची मर्यादा ओळखायला हवी, कारण शिकाऊ माणूस इथे हमखास घसरतो. तो फक्त मी-कडून-तू-कडे चालतो. ‘तो मला भेटेल’ याला असा एकशब्दी मार्ग नाही, तिथे ‘मला’ वेगळं सांगावं लागतं. आणि आदराने बोलायचं असेल तर? हंगेरियनमध्ये ‘आपण’सारखं आदरार्थी सर्वनाम आहे आणि क्रियापद त्याला तृतीयपुरुषी वागवतं. मग ‘लॉक’ गळतो, त्याच्या जागी ‘म’ येतो, ‘मेग्लातोगॉतहॉतनाम’, आणि ‘आपल्याला’ हा शब्द बाहेर वेगळा ठेवावा लागतो. म्हणजे एका शब्दात सगळं मावणं हे अरेतुरेच्या नात्यातच जमतं. वयस्कर शेजारणीला मी एकदा ‘लॉक’ लावून विचारलं होतं. त्या हसल्या, पण त्यांच्या सुनेने दुसऱ्या दिवशी जिन्यात मला हा परिच्छेद समजावला.

एक मात्र बरं आहे. हा शब्द बाईने म्हटला काय नि पुरुषाने म्हटला काय, तसाच राहतो. हंगेरियनमध्ये लिंगच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांनाही एकच सर्वनाम. मराठीत ‘मी येऊ शकते’ म्हणताना मी कोण हे उघड होतं, हंगेरियन भाषांतरकाराला मात्र कादंबरीतलं पात्र बाई की पुरुष हे कधीकधी पानं उलटून शोधावं लागतं.

आणि ‘मेग’चं एक वागणं असं की शब्द मोडतोच. ‘मी तुला भेटायला नाही का येऊ शकणार?’ असं म्हणायचं झालं तर ‘नेम’ हा नकार पुढे येतो आणि ‘मेग’ला जागा सोडावी लागते. तो सुटतो आणि क्रियापदाच्या मागे जाऊन उभा राहतो: ‘नेम लातोगॉतहॉतनालॉक मेग’. शब्दकोशात शोधायला गेलात तर ‘ल’मध्ये ‘लातोगॉत’ सापडेल आणि अर्थ अर्धाच लागेल, कारण खरा शब्द ‘म’मध्ये आहे, ‘मेग्लातोगॉत’. वाक्याच्या शेवटी एकटा पडलेला ‘मेग’ दिसला की तो कुठून निसटलाय ते आधी बघायचं. एरवी सुटा ‘मेग’ ‘आणि’ या अर्थानेही येतो, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो.

तुकडे जोडून शब्द बनतात म्हटलं की सांधे स्वच्छ असतील असं वाटतं. बहुतेक असतातही, आपल्या सामान्यरूपाच्या मानाने तर फारच. आपल्याकडे घोडा घोड्याला होतो, पाणी पाण्यात होतं, वीट विटेवर जाते. हंगेरियनमध्ये ‘ऑल्मॉ’ म्हणजे सफरचंदाचा शेवटचा स्वर लांबून ‘ऑल्माबॉन’ होतो, किंवा ‘ने, सह’ सांगणारा ‘वॉल’ आपला व टाकून शेजाऱ्याचं व्यंजन उचलतो, हाझ + वॉल म्हणजे हाझ्झॉल. असल्या गोष्टी एक-दोन महिन्यांत अंगवळणी पडतात.

खरा घोळ होतो तो एकच शब्द दोन ठिकाणी चिरता येतो तेव्हा. ‘वारुन्क’. वार म्हणजे वाट पाहणं, आणि ‘उन्क’ म्हणजे आम्ही: आम्ही वाट पाहतो. पण वार म्हणजे किल्लासुद्धा, आणि ‘उन्क’ म्हणजे आमचा: आमचा किल्ला. अक्षर न अक्षर तेच. किंवा ‘कॉरोरॉ’. कॉर म्हणजे हात, ओरॉ म्हणजे घड्याळ, झालं मनगटी घड्याळ. पण कॉरो म्हणजे खुंटा, आणि त्याला आपला ओळखीचा ‘रॉ’ लावला की खुंट्यावर. शेपटीकडून वाचायची माझी युक्ती इथे तोंडघशी पडते. शेवटचा ‘रॉ’ प्रत्यय आहे की घड्याळाचा भाग, हे शब्दाला विचारून कळत नाही, वाक्याला विचारावं लागतं.

माणूस वाक्याला विचारतो, संगणकाने काय करायचं? एका नामाची किती रूपं होतात त्याचा हिशेब मांडून बघा. नुसतं घर आणि घरं, ही दोन. माझं, तुझं, त्याचं, आमचं, तुमचं, त्यांचं असे सहा मालक, आणि प्रत्येकाचं एक घर किंवा अनेक, म्हणजे बारा. एकूण 14. यातल्या प्रत्येकाला ‘चं’ या अर्थाचा ‘ए’ लावता येतो, ‘माझ्या घरांचं’ म्हणतो तसा, आणि ते एक असेल किंवा अनेक, म्हणजे तिप्पट: 42. त्यांना 18 विभक्ती. 756. एका ‘हाझ’ची. क्रियापदं आणि जोडशब्द अजून बाहेरच आहेत. यातली बरीच रूपं कोणी जन्मात उच्चारत नाही, पण कोणतं उच्चारेल ते आधी सांगता येत नाही.

इंग्रजीसाठी शुद्धलेखन तपासायचं म्हणजे शब्दांची मोठी यादी केली की बरंचसं काम होतं. हंगेरियनसाठी ती यादी करायला बसणं म्हणजे समुद्र मोजणं. म्हणून लास्लो नेमेथ या हंगेरियन माणसाने हन्स्पेल नावाचा तपासनीस लिहिला. त्यात दोन फायली असतात. एकीत मूळ शब्द, आणि प्रत्येकापुढे खुणा: याला कोणत्या गटाचे प्रत्यय चालतात. दुसरीत ते प्रत्यय आणि ते लागताना काय बदलतं त्याचे नियम. समोर शब्द आला की तो शेपटीकडून प्रत्यय सोलतो, खाली उरलेलं मूळ यादीत आहे का बघतो. एक प्रत्यय सोलून त्याच्याखालचा दुसराही सोलण्याची सोय त्यात मुद्दाम केलेली आहे. पुढे हाच हन्स्पेल लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम यांच्यात गेला. तुमच्या संगणकावर इंग्रजी शब्दाखाली लाल रेघ उमटते, तिच्या मुळाशी बऱ्याचदा ‘हाझ’च्या शेपट्या हाताळायला बांधलेलं यंत्र असतं.

आता तो राक्षस. हंगेरियनचा सर्वांत लांब शब्द म्हणून जो फिरतो तो, रोमन लिपीत 44 अक्षरांचा: मेगसेन्तशेगतेलेनीतहेतेतलेनशेगेशकेदेशेइतेकेर्त. मी आधीच सांगते की हा कोणी संभाषणात वापरत नाही. रोजच्या बोलण्यातल्या शब्दांना दोन-तीन, फार तर चार-पाच शेपट्या असतात. हा मुद्दाम ताणलेला आहे, आपल्याकडच्या जीभ वळवायच्या वाक्यांसारखा. पण तो नियम मोडून बनवलेला नाही, म्हणूनच तो बघण्यासारखा आहे.

सेन्त म्हणजे पवित्र. सेन्त-शेग, पवित्रपण. हा तोच शेग, एगेश्शेगेद्रेमधला. ‘तेलेन’ म्हणजे विना, आणि ‘ईत’ त्याचं क्रियापद करतो: पावित्र्य काढून घेणं. पुढे मेग लावून मेगसेन्तशेगतेलेनीत. मराठीत याला एक खणखणीत शब्द आहे, बाटवणे. इथपर्यंत हा शब्दकोशातला, देवळा-चर्चच्या बातमीत येणारा शब्द आहे.

त्यापुढे ‘हेतेतलेन’. यात मघाचा ‘हॉत’ म्हणजे शकणं पुढच्या स्वराच्या वेशात लपलेला आहे, आणि त्याच्यामागे नकार. बाटवता न येण्याजोगा. पुन्हा एक शेग: बाटवता न येण्याजोगेपण. मग ‘एश’, तो गुण असलेला. आणि मग येतो माझा आवडता तुकडा, ‘केद’. ओकोश म्हणजे हुशार, आणि ओकोशकोदिक म्हणजे शहाणपणा मिरवणं. हा ‘कोद/केद’ जोडला की माणूस तो गुण अंगावर घालून फिरतो. तर आता झालं: आपण बाटूच शकत नाही असं मिरवणं. पुढचा ‘एश’ त्याचं नाम करतो (मराठीत लिहिताना आधीच्यासारखाच दिसतो, पण याचा ए लांब आहे). ‘एइतेक’ म्हणजे तुम्हा लोकांच्या, अनेक. त्यातला तो छोटा ‘इ’ दिसला का? माझी घरं म्हणतानाचाच. शेवटी ‘एर्त’, म्हणजे बद्दल, साठी.

तुम्ही लोक आपण बाटूच शकत नाही असं जे वारंवार मिरवता, त्याबद्दल.

सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकही मागचा स्वर नाही, सगळे ए आणि ई. आणि समोर घोळका नसून एकच सोवळा माणूस असेल, तर ‘एइतेक’ काढून तिथे ‘एइद’ बसवायचा. दोन अक्षरं वाचतात.